तात्यांची हवा

जिते गावात तात्यांची हवा आहे, असं म्हटलं की तात्या स्वतः हात वर करून थांबवतात. "हवा म्हणू नका. हवा वाईट. आतली हवा काढायलाच तर मला बोलावतात."

तात्या कुठल्याही कंपनीत मोटरींच्या खात्यात नव्हते. कुठला कोर्स नाही, दुकान नाही, पाटी नाही. तरी पेणच्या अलीकडे रेल्वेच्या या छोट्याशा थांब्याच्या आसपास कुणाच्याही घरात मोटर चालू होऊन पाणी आलं नाही की घरच्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "तात्यांना हाक मारा." फिटरला नंतर. फिटर पैसे घेतो. तात्या चहा घेतात.

गाव त्यांच्या लक्षात घरांनी नाही, मोटरींनी राहतं. नव्या सुनेची ओळख करून देताना सासू सांगते, ही अमक्यांची मुलगी. तात्या मान हलवतात, "हो हो, ते अर्ध्या एचपीवाले. बोअरला जेट आहे. खालचा नोझल दर पावसाळ्यात चोंदतो." मुलगी लाजते, पण माहिती खरी असते. एकदा एका तेराव्याला तात्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "माणूस गेला, पण मोटर अजून सुरेख चालते." घरच्यांनी ते सांत्वन म्हणून घेतलं.

त्यांची पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात वॉशर, टेफ्लॉन टेपचं अर्धं रीळ, सोल्यूशनची वाळत आलेली डबी, सुतळी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि उदबत्तीचा पुडा. उदबत्ती कशाला, ते पुढे येईलच.

आमच्या घरी त्यांना बोलावलं ते गणपतीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे आई एकटी राहते. आम्ही भावंडं ठाण्या-पनवेलला पांगलेलो, गणपतीला सगळे जमतो. त्या वर्षी लहान-मोठी मिळून चौदा माणसं होती. मूर्ती जोह्याच्या कारखान्यातून आणून ओट्यावर झाकून ठेवलेली, बाहेर पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना, आणि न्हाणीघरात नळाला थेंब नाही. आभाळातून इतकं पाणी पडत असताना बादलीला दोर बांधून टाकीतून पाणी काढायची पाळी आली की माणूस निसर्गावर नाही, मोटरीवर चिडतो.

आमची व्यवस्था गावात सर्वांची असते तशीच. अंगणात जमिनीखाली काँक्रीटची टाकी, सात फूट खोल. आत उतरायला भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या, एकेक फुटावर. नळाचं पाणी येतं ते या टाकीत. ओट्यावर, म्हणजे जमिनीपासून अडीच फूट उंच, एक एचपीचा मोनोब्लॉक. त्याचा एक इंची सक्शन पाइप ओट्यावरून आडवा जाऊन टाकीत उभा उतरतो, खाली टोकाला फूट व्हॉल्व्ह. दुसरा पाइप स्लॅबवरच्या हजार लिटरच्या टाकीला. बटण दाबलं की मोटर सुरू होई, आवाज येई, आणि वर पाणी मात्र जात नसे.

तात्या आले ते छत्री मिटवत, डबा काखेत धरून. आत आल्याबरोबर त्यांनी मोटरीकडे पाहिलं नाही. आधी आईला विचारलं, "वहिनी, हे कोणी लावलं?"

हा प्रश्न ते प्रत्येक घरी विचारतात. उत्तर काहीही आलं तरी त्यावर "तरीच" म्हणतात.

"लावणारा गेला गाव सोडून," आई म्हणाली.

"तरीच."

मग त्यांनी मोटर चालू करायला सांगितली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीच्या पोटाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून गप्प बसले की घरातले जसे गप्प बसतात तसे आम्ही सगळे गप्प बसलो. पावसाचा आवाज येत होता तोही कुणीतरी बंद करावा असं वाटलं. दहा-बारा सेकंदांनी त्यांनी हात वर केला. "बंद करा. एअर धरलीय. आवाज पातळ आहे. पाणी ओढणारी मोटर जड घुमते, ही नुसती शीळ घालतेय." मग तळहात पंपाच्या गोल भागावर ठेवला. "अंगही तापलंय. आतल्या आत तेवढंच पाणी घुसळतेय. असंच चालू ठेवलंत तर सील जळेल. मग पाणी वर नाही, मोटरीत जाईल."

माझे मेहुणे, म्हणजे आमचे जावईबापू, इंजिनिअर आहेत, पण संगणकाचे. तरीही इंजिनिअर हा शब्द घरातल्या प्रत्येक बिघाडाला लागू होतो अशी आमच्या बहिणीची श्रद्धा आहे. त्यांनी विचारलं, "पण पंप चालू आहे ना? फिरतोय ना? मग पाणी का नाही ओढत?"

तात्यांना हाच प्रश्न हवा होता. "जावईबापू, ताक करताना रवी मडक्यात फिरते. मडकं रिकामं असलं तर रवी फिरून लोणी येईल का? आत पाणी असलं तर पंप पाणी फेकतो. हवा असली तर हवा फेकतो, आणि हवेला फेकायला वजन कुठे आहे?"

बोलायची पद्धत तात्यांची, पण हिशेब खरा आहे. मी नंतर मांडून पाहिला. पंपाची ताकद मीटरमध्ये लिहिलेली असते, आणि ती जे काही आत असेल त्या द्रवाच्या किंवा वायूच्या मीटरमध्ये असते. चोवीस मीटर पाणी उचलणाऱ्या पंपाच्या पोटात नुसती हवा असली तर तो चोवीस मीटर हवेइतकाच दाब तयार करतो. एक घनमीटर पाण्याचं वजन हजार किलो, हवेचं सव्वा किलोच्या आतबाहेर. म्हणजे तोच पंप पाणी वर ओढणार जेमतेम तीन सेंटिमीटर. चहाच्या कपातसुद्धा त्याहून खोल पाणी असतं. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि सक्शन पाइप पाण्याने गच्च भरावा लागतो. त्यालाच प्रायमिंग म्हणतात. आमच्या गावात "मोटरीला पाणी पाजणं" म्हणतात.

तात्यांनी पाणी पाजलं. हे काम ते देवाला अभिषेक करावा तसं करतात. मेन स्विच बंद करून घेतला, वरचा प्लग पान्याने सोडवला आणि तांब्यातून अगदी बारीक धार धरली. "घाईने ओतलंत की तोंडाशी भरतं आणि आत हवा राहते. लोकांना वाटतं भरलं." मध्येच थांबून त्यांनी मागच्या पंख्याच्या जाळीतून स्क्रू ड्रायव्हरने शाफ्ट हळूच फिरवला. भोकातून तीन-चार बुडबुडे आले. पुन्हा पाणी, पुन्हा फिरवणं, बुडबुडे थांबेपर्यंत. प्लगला टेफ्लॉनचे चार वेढे घेतले आणि बंद केलं.

मोटर लावली. वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि पोरांनी "गणपती बाप्पा" केलं. "मोरया" व्हायच्या आत आवाज फुटला. फुस्स, पिचकारी, फुस्स, मग नुसती शीळ. दहा सेकंदही झाले नव्हते.

तात्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. साध्या रोगाला त्यांना बोलावलेलं आवडत नाही.

दुसरा चहा आला. त्यानंतर त्यांनी पुन्हा पाणी भरलं, पण या वेळी प्लग उघडाच ठेवून भोकात बघत बसले. काठोकाठ भरलेलं पाणी हळूहळू खाली सरकत होतं. तात्या उठले आणि निदान सांगितलं, "फुटबॉल लीक आहे."

जावईबापू चमकले. ओट्याच्या कोपऱ्यात पोरांचा फुटबॉल पडला होता, त्याकडे त्यांनी पाहिलं, मग तात्यांकडे, मग बहिणीकडे. बहीण हसत नव्हती, कारण तीही इथलीच. आमच्याकडे फूट व्हॉल्व्हला फुटबॉलच म्हणतात. पाइपच्या तळाशी असलेली ती झडप पाणी आत घेते पण परत खाली सोडत नाही. तिच्यात कचरा अडकला किंवा रबर झिजलं की मोटर बंद असताना पाइपातलं पाणी टाकीत उतरतं आणि पुढच्या वेळी मोटर उपाशी फिरते. म्हणूनच "रोज सकाळी पाणी पाजल्याशिवाय चालत नाही" अशी तक्रार असली तर नव्वद टक्के फुटबॉलच असतो, असं तात्यांचं म्हणणं. हे टक्के त्यांचे स्वतःचे, त्यांना आधार विचारू नये.

"पण," जावईबापूंनी योग्य जागी बोट ठेवलं, "फुटबॉल गळत असेल तर मोटर सुरू होताना त्रास व्हायला पाहिजे. चालू होऊन पाणी आलं, मग दहा सेकंदांत का तुटलं?"

तात्या थांबले. असा प्रश्न त्यांना गावातलं कुणी विचारत नाही. "म्हणजे हवा चालताना आत येतेय," ते सावकाश म्हणाले. "सक्शनला कुठेतरी भोक आहे."

इथे मला मध्येच सांगायला हवं की पाइपचं हे भोक फार लबाड असतं. डिलिव्हरीच्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर उडतं, माणूस भिजतो, जागा कळते. सक्शनच्या बाजूला मोटर चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत. सुईच्या टोकाएवढी फट पुरते. ही अशी न दिसणारी चोरी पकडायला तात्यांची उदबत्ती.

उदबत्ती पेटवल्याबरोबर आतून काकू हात जोडत आली. "मोटरीची पूजा का? अहो, गणपती तरी बसू द्या आधी." तात्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मोटर चालू ठेवून त्यांनी उदबत्ती पंपाच्या तोंडाशी असलेल्या युनियनजवळ नेली, मग पहिल्या एल्बोजवळ, मग प्लगजवळ, मग मोटर आणि पंप यांच्यामधल्या सीलच्या फटीशी. धूर सरळ वर जात राहिला तर जोड चांगला. धूर वाकून जोडाकडे ओढला गेला तर तिथून हवा जातेय. ओट्यावरचे चारही जोड तपासले. धूर एकाही ठिकाणी वाकला नाही. मग त्यांनी दाढीचा साबण मागवून फेस केला आणि जोडांना फासला, कारण वाऱ्याने धूर फसवू शकतो, फेस फसवत नाही. हवा जात असेल तर फेसात खळगा पडतो. फेसही जसाच्या तसा. माझा भाचा म्हणाला, "मोटरीची दाढी झाली, पाणी नाही आलं."

तिसरा चहा.

जावईबापूंचा आता जोर वाढला. त्यांनी मोबाइल काढला आणि जाहीर केलं की पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते, आणि हवा जास्तीत जास्त दहा मीटर तेहतीस सेंटिमीटर पाणी ढकलू शकते. हे त्यांनी बरोबर सांगितलं. याचा शोधही एका न चाललेल्या पंपातूनच लागला. इटलीत फ्लॉरेन्सकडच्या पंपांना अठरा हातांपलीकडे पाणी चढेना, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं. त्याचा शिष्य तोरिचेल्लीने पुढे १६४३ च्या सुमाराला पाऱ्याची नळी घेऊन त्याचं कारण हवेच्या वजनात असल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण वगैरे धरून साडेसहा-सात मीटरांपर्यंतच भरवसा ठेवावा. जिते खाडीजवळचं, समुद्रसपाटीला लागून, म्हणून इथे हवेचं पूर्ण वजन मिळतं. महाबळेश्वरला तोच पंप नेला तर दीडेक मीटर कमी.

"आपली टाकी किती खोल?" जावईबापूंनी विचारलं.

तात्यांनी बांबू मागवला. झाकण उघडून टाकीत घातला, ओला भाग मोजला, मग ओट्याची उंची मोजली. पाण्यापासून मोटरीपर्यंत सात फूट. "दोन मीटर आणि वर थोडं. तुमच्या त्या इटलीवाल्यांनाही एवढं चढलं असतं."

जावईबापूंनी मग सेल्फ प्रायमिंग पंप घ्यायचं सुचवलं. "त्याला पाणी पाजावंच लागत नाही."

"पहिल्यांदा लागतं," तात्या म्हणाले. "तो पोटात थोडं पाणी राखून ठेवतो आणि त्याच्या जोरावर हवा थोडी थोडी बाहेर टाकतो. पण भोकातून हवा येतच राहिली तर तो तरी किती टाकील? भोक बुजवायच्या जागी नवी मोटर आणणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून नवी बादली आणणं."

शेवटी त्यांनी फुटबॉलचाच निर्णय घेतला. भोकातलं पाणी सरकत होतं ना? मग बस. पेणला जाऊन नवा फुटबॉल आणायचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी छत्री शोधायला उठलो.

तेव्हा आई म्हणाली, "भावोजी, फुटबॉल गेल्या गणपतीत बदललाय."

"कोणी?"

"पेणहून आणलेला एक माणूस. त्यालाही हेच वाटलं. बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मोटर चालली. मग शिमग्याला पोरं आली तेव्हा पुन्हा बंद. तेव्हा त्या दुसऱ्याने हा कंडेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी चालली. मे महिन्यात पुन्हा. तेव्हा तर कोणी आलंच नाही, तरी दुसऱ्या दिवशी चालली."

"म्हणजे पाहुणे आले की बंद," काकू म्हणाली. "मोटरीला माणसं खपत नाहीत."

"पाहुण्यांचं नाही ते," आई म्हणाली. ती निवडलेली भाजी टोपलीत टाकत होती, मान वर न करता. "तिसरी कडी दिसायला लागली की बंद होते. मी रोज झाकण उघडून बघते, पाणी किती आहे ते. एरवी मी एकटी, पाणी दुसऱ्या कडीच्या खाली कधी जातच नाही. तुम्ही सगळे आलात की दोन दिवसांत तिसरी कडी उघडी पडते, आणि मोटर फुसफुसते. रात्री नळ येतो, कडी बुडते, सकाळी पाणी पाजलं की चालते. मला वाटलं, सगळ्यांच्या मोटरी असंच करतात."

तात्यांचा कप तोंडाशी जाऊन थांबला. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाऊस पुन्हा ऐकू यायला लागला.

मग ते उठले, कप खाली ठेवला आणि एकदम माझ्या भाच्याला म्हणाले, "तुझी ती सरबताची नळी आण."

भाच्याने कोकम सरबताच्या पेल्यासकट नळी आणली. तात्यांनी आईच्या साडीची पिन मागून नळीला मध्यावर भोक पाडलं. भोक सरबतात बुडेल अशी नळी धरली. "ओढ." पोराने ओढलं, सरबत आलं. "भोक आहे ना? मग कसं आलं?" "भोक बुडलंय," पोरगं म्हणालं, "त्यातूनपण सरबतच येतंय." "आता पीत राहा." पेला उतरत गेला, भोक वर आलं, आणि पोराच्या तोंडात सरबताऐवजी सूं आवाज आला. पेल्यात खाली अजून चार बोटं सरबत होतं.

"बघा," तात्या म्हणाले. "फुटबॉल नाही. ओट्यावरचा जोड नाही. भोक टाकीत आहे, तिसऱ्या कडीच्या बरोबरीला."

खरं तर तेवढ्याने सगळं उलगडलं. टाकी भरलेली असली की ती फट पाण्यात बुडालेली. तिथून आत आलं तरी पाणीच येणार, कुणाचं काय बिघडणार. पाणी तिच्याखाली गेलं की तीच फट हवेत. प्लग उघडा ठेवल्यावर पाणी सरकत होतं तेही तिथूनच झिरपत होतं, अंधाऱ्या टाकीत, कुणाला न दिसता. आणि गेल्या दोन्ही दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी यशस्वी झाल्या, कारण रात्री नळ आला होता. दुरुस्त करणाऱ्याने काहीही बदललं असतं, उंबऱ्यावरचं तोरण बदललं असतं, तरी सकाळी पाणी आलंच असतं. या गोष्टीवर आम्ही दोन वेळा पैसे दिले होते.

जावईबापूंनी टाकीत उतरायची तयारी दाखवली. तात्यांनी त्यांना मागे ओढलं. "बंद टाकीत कोणी उतरायचं नाही. आतली हवा कशी असेल सांगता येत नाही. पाइप वर येईल." मेन स्विच बंद, युनियन सोडवला, आणि दोघांनी मिळून उभा पाइप फुटबॉलसकट वर ओढून काढला.

पाइप दोन तुकड्यांचा निघाला. लावणाऱ्याकडे आधीचा एक तुकडा उरला असावा. तो वाया जाऊ नये म्हणून त्याने मध्ये कपलिंग घालून जोडला होता. तात्यांनी तो पाइप पावसातच भिंतीला उभा टेकवला, फुटबॉल खाली, आणि शिडीवर चढलेल्या माझ्या भावाला वरून पाणी ओतायला लावलं. आम्ही खाली छत्री धरून उकिडवे बसलो. फुटबॉलमधून एक थेंब नाही. तात्यांनी कपलिंग कापडाने पुसलं आणि त्यावर छत्री धरली. थोड्या वेळाने त्याच्या खालच्या कडेला एक थेंब जमला, फुगला, ओघळला. मग दुसरा. बारीक पाहिलं तेव्हा कळलं, पाइप कपलिंगमध्ये पुरता बसवलेलाच नव्हता, आणि सोल्यूशन गोलाच्या एका बाजूला लागलंच नव्हतं. शिवाय पाइपला टाकीच्या भिंतीशी एकही क्लॅम्प नाही. मोटर लागली की तो हलायचा, आणि हलून हलून ती कोरडी बाजू सुटली.

"तरीच," तात्या म्हणाले. या वेळी त्याला अर्थ होता.

त्यांनी आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून कपलिंगवर गच्च गुंडाळली. "हे फक्त खात्रीसाठी. सक्शनला पट्टी चांगली बसते, मोटर तिला आतच ओढते. डिलिव्हरीवर हीच पट्टी उडून जाईल." पाइप टाकीत सोडला, युनियन आवळला, पुन्हा तीच बारीक धार, तेच बुडबुडे. मोटर लागली आणि जड घुमली. मी पहिल्यांदाच तो फरक ऐकला. वर पाणी पडत राहिलं; दहा सेकंद, मिनिट, पाच मिनिटं. टाकीत तिसरी कडी पूर्ण उघडी होती आणि पाणी चढत होतं. पोरांनी या वेळी "मोरया" पूर्ण केलं.

वरची टाकी भरल्यावर मोटर बंद करून पक्कं काम झालं. कपलिंग दोन्हीकडून कापून टाकलं, तात्यांच्या डब्यातून नवं निघालं. पाइपची टोकं पॉलिश पेपरने घासली, कोरडी केली, सोल्यूशन पूर्ण गोल फिरवून लावलं, शेवटापर्यंत दाबून पाव वेढा फिरवला आणि अर्धा मिनिट हात सोडला नाही. पावसाळी हवेत घाई नको म्हणून तो पाइप रात्रभर पडवीत ठेवायचा असं ठरलं. वर हजार लिटर होतंच. "दिवाळीला अख्खा एक पाइप घाला, मध्ये जोडच नको. आणि दोन क्लॅम्प मारा," हे जाताना सांगितलं. पैसे नाकारले. जुनं कपलिंग मात्र मागून घेतलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं.

गौरी-विसर्जन झाल्यावर मी परतीची गाडी पकडायला जिते स्टेशनवर उभा होतो. आई पोचवायला आली होती. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला तात्या तिघा-चौघांना काहीतरी सांगत होते. हातात ते कपलिंग होतं. एका तोंडाला तळहात लावून दुसऱ्या तोंडातून ते फुंकत होते आणि फट कुठे आहे ते समोरच्याच्या गालावर वारा लावून दाखवत होते.

"मी आल्या आल्या टाकीचं झाकण उघडलं," तात्या सांगत होते. "आधी कड्या मोजल्या. एक, दोन, तीन. म्हटलं, मोटरीला हात लावायची गरजच नाही."

आईने माझी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचून पाहत राहिली.

"चहा किती मोजले ते विचार जा," ती म्हणाली.